प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला, पण पेपर द्यायचा नाही; मग फी परत मिळते का?

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुरा, समर्थनगर किंवा टीव्ही सेंटर भागातल्या कुठल्याही नेट कॅफेत मार्च-एप्रिलमध्ये अर्धा तास बसून बघा. फॉर्म भरणाऱ्यांच्या रांगेत एखादे वडील मुलीच्या मागे उभे असतात आणि कॅफेवाल्याला विचारतात, "दादा, हिचा फॉर्म भरून झालाय, पण आता हिला तो पेपरच द्यायचा नाही म्हणते. कॅन्सल करून पैसे परत येतेत का?" कॅफेवाला स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणतो, "नाही येत काका."

बहुतेक वेळा कॅफेवाल्याचं उत्तर बरोबर असतं. पण ते बरोबर का आहे, आणि कोणत्या वेळी चुकतं, हे समजून घेतलं तर काही जणांचे पैसे वाचू शकतात. काही जणांचे निष्फळ हेलपाटेही वाचतील.

एक उदाहरण घेऊ. सिडकोत राहणारी बारावीची एक मुलगी आहे, खुल्या प्रवर्गातली. २०२५ ची एमएचटी-सीईटी देताना तिने पीसीएम आणि पीसीबी असे दोन्ही गट निवडले, म्हणजे इंजिनिअरिंगही उघडं आणि फार्मसी-कृषीही उघडं. एका गटाची फी १,००० रुपये, दोन्हींची मिळून २,०००. सोबत तिने जेईई मेनही भरली आणि तिथे मुलींसाठीचे ८०० रुपये गेले. नीटचा फॉर्म भरला, खुल्या प्रवर्गासाठी १,७०० रुपये. म्हणजे एका घरातून एका हंगामात साडेचार हजार रुपये फक्त फॉर्मवर गेले. फेब्रुवारीत तिने ठरवलं की डॉक्टर व्हायचं नाही, इंजिनिअरिंगच करायचं. आता नीट आणि पीसीबीचे २,७०० रुपये तिला परत हवे आहेत.

सीईटी सेल असो वा एनटीए, दोघांच्याही माहितीपुस्तिकेत याचं उत्तर छापलेलं आहे: भरलेली फी परत मिळणार नाही आणि दुसऱ्या परीक्षेकडे किंवा पुढच्या वर्षाकडे वळवताही येणार नाही. फॉर्म भरताना शेवटी "मी सर्व अटी वाचल्या आहेत" यावर आपण टिक करतो, त्यातलीच ही एक अट. तिच्या २,७०० रुपयांचा विषय इथेच संपतो.

ग्राहक मंचात गेलं तर?

हा प्रश्न लोक लगेच विचारतात. पैसे घेतले आणि सेवा दिलीच नाही, मग आपण ग्राहक नाही का?

यावर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच उत्तर दिलं आहे. बिहार शालेय परीक्षा मंडळ विरुद्ध सुरेश प्रसाद सिन्हा हे ते प्रकरण. १९९८ च्या माध्यमिक परीक्षेत एकच आसन क्रमांक दोन विद्यार्थ्यांना दिला गेला होता. त्यातल्या एकाचा निकाल लागला नाही आणि त्याला वर्ष पुन्हा करावं लागलं. चूक मंडळाची होती हे तर दिसत होतं. तरीही न्यायालयाने सांगितलं की परीक्षा घेणारं मंडळ 'सेवा' पुरवत नाही आणि परीक्षार्थी 'ग्राहक' नाही. विद्यार्थी जी फी भरतो ती सेवेचा मोबदला नसते, तर परीक्षेत भाग घेण्याची संधी मिळावी म्हणून घेतलेलं शुल्क असतं.

परीक्षा फीबद्दलचं सगळं गणित या एका वाक्यावर चालतं. तुम्ही संधी विकत घेतली आहे. ती वापरली नाही तरी ती दिली गेली होती, असं मानलं जातं. मला व्यक्तिशः हा युक्तिवाद थोडा कोरडा वाटतो, विशेषतः फी शंभर रुपयांवरून हजार-दीड हजारांवर गेल्यानंतर. पण कायदा आज तरी असाच आहे. त्यामुळे फक्त "पेपर द्यायचा नाही" या कारणावर ग्राहक आयोगात जाण्यात वेळ घालवू नका.

इथे एक गल्लत नेहमी होते. "यूजीसीचा नियम आहे, फी परत मिळते" असं कुणीतरी ठामपणे सांगतं. तो नियम कॉलेजच्या प्रवेश फीचा आहे. २०२४-२५ साठी यूजीसीने ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत द्यायला सांगितलं होतं. कोचिंग क्लासचा मामलाही वेगळा. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण फी भरून मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची रक्कम दहा दिवसांत परत द्यायची आहे. म्हणजे आपल्या सिडकोच्या मुलीने नीटचा क्लास सोडला तर तिथे पैसे मागायला तिला आधार आहे. नीटच्या परीक्षा फीसाठी मात्र नाही.

एकदा मात्र पैसे परत देण्याची सोय होती

माघार घेतली तर फी परत देणं अशक्य आहे, असंही नाही. देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रवेश परीक्षांपैकी एकीने हे करून पाहिलं आहे.

जेईई मेन २०२१ पहिल्यांदाच वर्षातून चार वेळा घ्यायची ठरली: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि मे. डिसेंबर २०२० मध्ये फॉर्म सुरू झाले तेव्हा एका सत्राची किंवा चारही सत्रांची फी एकदम भरायची मुभा होती. साहजिकच अनेकांच्या मनात आलं की फेब्रुवारीतच चांगले मार्क पडले तर पुढच्या तीन सत्रांचे पैसे कशाला घालवायचे? एनटीएने माहितीपुस्तिकेतच यावर सोय केली. पुढच्या एखाद्या सत्राला बसायचं नसेल, तर विद्यार्थी लॉगिन करून तशी विनंती करू शकत होता आणि त्या सत्राची फी परत मिळणार होती.

या सोयीला दोन अटी होत्या. विनंती त्या-त्या सत्राचे अर्ज सुरू असतील त्या मुदतीतच करायची. आणि पैसे लगेच नाही, तर शेवटच्या सत्राचा निकाल लागल्यावर मिळणार.

पहिल्या अटीमागचं कारण समजण्यासारखं आहे. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एका केंद्रावर, एका शिफ्टमध्ये एक कॉम्प्युटर राखून ठेवावा लागतो. अर्जाची मुदत संपली की जागा ठरतात, केंद्रं ठरतात, खर्च पक्का होतो. त्याआधी कुणी निघून गेलं तर ती जागा धरावीच लागत नाही. म्हणून माघारीची खिडकी नेमकी तिथवरच उघडी.

दुसऱ्या अटीने मात्र वाट बघायला लावली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एप्रिल आणि मेची सत्रं पुढे गेली. तिसरं सत्र जुलैत झालं, चौथं २६ ऑगस्टला सुरू होऊन सप्टेंबरात संपलं. अंतिम निकाल १५ सप्टेंबरच्या सुमारास लागला. म्हणजे डिसेंबरमध्ये चारही सत्रांची फी भरून फेब्रुवारीतच समाधानी झालेल्या मुलाचे पैसे सप्टेंबर उलटेपर्यंत अडकलेलेच. खुल्या प्रवर्गातल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या पेपरसाठी तेव्हा एका सत्राचे ६५० रुपये लागत होते, मुलीला ३२५. नऊ महिने वाट पाहण्याएवढी ती रक्कम मोठी की लहान, हे घराघरावर अवलंबून.

या उदाहरणातून आजच्या विद्यार्थ्याने एकच गोष्ट घ्यावी. परीक्षा अनेक सत्रांत असेल आणि पहिल्या सत्रानंतर पुढच्याचा फॉर्म वेगळा भरता येणार असेल, तर सगळी फी आधीच भरू नका. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत परताव्याचं कलम असेल तरच भरा, आणि ते कलम स्वतः वाचा. मागच्या वर्षी होतं म्हणून यंदा असेलच असं नाही.

यूपीएससी: माघार होती, परतावा नव्हता

'फॉर्म मागे घेणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे ओळखीचा झाला तो यूपीएससीमुळे. १ ऑक्टोबर २०१८ रोजी आयोगाच्या स्थापना दिनी तत्कालीन अध्यक्ष अरविंद सक्सेना यांनी जाहीर केलं की उमेदवारांना अर्ज मागे घेता येईल आणि सुरुवात २०१९ च्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेपासून होईल. कारण त्यांनीच सांगितलं होतं: नागरी सेवा पूर्वपरीक्षेला दहा लाखांहून अधिक अर्ज येतात आणि प्रत्यक्ष पेपरला साधारण निम्मेच बसतात. न येणाऱ्यांसाठीही वर्गखोल्या, प्रश्नपत्रिका आणि पर्यवेक्षक लागतातच.

म्हणजे ही सोय आयोगाचा खर्च वाचावा म्हणून होती. उमेदवाराला त्यातून पैसे मिळत नव्हते. अर्ज मागे घेतला तरी फी परत मिळणार नाही, असं सूचनेत स्पष्ट लिहिलेलं असे. फी तशीही १०० रुपये, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना तीही नाही. प्रक्रिया मात्र कडक होती. नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर वेगवेगळा ओटीपी येई, दोन्ही टाकल्यावरच विनंती पक्की होई. आणि एकदा मागे घेतलेला अर्ज पुन्हा जिवंत होत नसे.

मग कुणी माघार घ्यावीच का? बरेच जण मानतात की "अटेम्प्ट वाचतो" म्हणून. इथे जरा थांबू, कारण या गैरसमजाची किंमत फीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गाला सहा प्रयत्न मिळतात. पण प्रयत्न मोजला जातो तो पूर्वपरीक्षेच्या दोनपैकी एका तरी पेपरला प्रत्यक्ष बसल्यावर. फॉर्म भरून घरी राहिलात तर प्रयत्न मोजला जात नाही. अर्ज मागे घेतला काय आणि नुसतं गेला नाहीत काय, हिशेब तोच.

२०२० मध्ये या नियमाने अनेकांची परीक्षा पाहिली. ३१ मेची पूर्वपरीक्षा कोरोनामुळे ४ ऑक्टोबरला गेली. आयोगाने जुलैत केंद्र बदलायची संधी दिली आणि १ ते ८ ऑगस्ट या काळात अर्ज मागे घेण्याची मुभा दिली. पुण्या-दिल्लीहून गावी परतलेली, अभ्यासिका बंद, पुस्तकं खोलीवरच राहिलेली मुलं तेव्हा मराठवाड्यात कितीतरी होती. त्यांच्यासमोर प्रश्न शंभर रुपयांचा नव्हता. तयारी नसताना बसायचं की तो प्रयत्न राखायचा, हा होता. ज्यांचं वय शिल्लक होतं त्यांना घरी राहून प्रयत्न वाचवता येत होता. ज्यांचं वय संपत होतं त्यांना तो पर्यायच नव्हता.

शेवटचा प्रयत्न म्हणून बसलेल्यांनी पुढे जादा संधी मागितली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ती याचिका फेटाळली. पेपरला बसल्यानंतर 'तयारी नव्हती' म्हणून तो प्रयत्न पुसला जात नाही, हे त्यातून पक्कं झालं.

तेव्हा यूपीएससीसारख्या परीक्षेत निर्णय घ्यायचा तो पेपरच्या सकाळपर्यंत. केंद्रावर जाऊन "बघू तरी पेपर कसा असतो" म्हणून बसणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे. सीईटी आणि नीटसारख्या परीक्षांत प्रयत्नांची मोजदादच नसल्यामुळे हा प्रश्न येत नाही. तिथे न जाणं हीच माघार, वेगळा अर्ज वगैरे काही करावा लागत नाही आणि पुढच्या वर्षी त्याचा ठपकाही राहत नाही.

रेल्वे भरतीचा नियम तर बरोबर उलटा आहे, आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो. तिथे ५०० रुपये फी घेतात आणि पहिल्या कॉम्प्युटर परीक्षेला हजर राहिलात की बँकेचा आकार वजा करून ४०० रुपये परत देतात. ज्यांची फी २५० आहे अशा आरक्षित प्रवर्गातल्या, महिला आणि इतर काही गटांतल्या उमेदवारांना तीही बँकेचा आकार वजा करून परत मिळते. यूपीएससी निघून जाणाऱ्याला वाट करून देत होती, रेल्वे येणाऱ्याला पैसे देते. दुखणं एकच, रिकाम्या बाकांचं.

मग पैसे परत कधी मिळतात?

तुमची इच्छा बदलली म्हणून नाही, पण व्यवहार चुकला किंवा परीक्षाच रद्द झाली तर मिळतात.

व्यवहार चुकण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचे दरवाजे वेगळे. पहिल्यात खात्यातून पैसे जातात, पण पोर्टलवर फी 'भरली' असं दिसत नाही आणि कन्फर्मेशन पेज तयार होत नाही. हा अयशस्वी व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप खात्यात यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. यासाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नव्हे, तर बँकेच्या किंवा यूपीआय ॲपच्या तक्रार विभागाकडे जायचं.

दुसऱ्या प्रकारात एकाच अर्जासाठी दोन वेळा फी यशस्वी होते. शेवटच्या तारखेला रात्री अकराला साइट अडकते, आपण घाबरून पुन्हा पैसे भरतो आणि सकाळी दोन्ही व्यवहार पक्के झालेले दिसतात. ही जादा रक्कम परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे पोहोचलेली असते, त्यामुळे मागणीही तिथेच करायची. ईमेलमध्ये अर्ज क्रमांक, दोन्ही व्यवहारांचे क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम आणि बँक स्टेटमेंटचं ते पान एवढं द्या. "माझे पैसे कट झाले, मदत करा" एवढंच लिहिलेल्या मेलवर काही होत नाही, कारण समोरच्याला शोधायला क्रमांकच नसतो.

कोणता प्रकार आहे हे ओळखायला दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा: बँक स्टेटमेंट आणि पोर्टलवरचं पेमेंट स्टेटस. स्टेटमेंटमध्ये दोनदा वजावट आणि पोर्टलवर एकच यशस्वी दिसत असेल तर आधी पाच दिवस थांबा, बहुधा एक रक्कम स्वतःहून परत येईल. पण शेवटच्या तारखेला थांबू नका. कन्फर्मेशन पेज आलं नसेल तर दुसऱ्यांदा भरा आणि हिशेब नंतर करा. हजार रुपये अडकणं वर्ष अडकण्यापेक्षा बरं.

आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं: परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो. नेट कॅफेत रोख देऊन फॉर्म भरला असेल, तर यूपीआय कॅफेवाल्याचं, म्हणून परतावाही त्याच्याच खात्यात. त्याच्याकडे दिवसाला पन्नास फॉर्मचे व्यवहार, त्यात तुमचे हजार कधी आले हे त्यालाही कळत नाही. फॉर्म कॅफेत भरा हवं तर, पण पैसे घरच्यांच्या यूपीआयवरून स्कॅन करा.

एक चूक मात्र व्यवहाराची वाटते आणि नसते. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र हातात नव्हतं म्हणून मुलं खुल्या प्रवर्गातून जास्त फी भरतात आणि दुरुस्तीच्या मुदतीत प्रवर्ग बदलतात. एनटीएच्या परीक्षांत असा बदल केल्यावर फी कमी पडत असेल तर फरक भरावा लागतो, जास्त झाली असेल तर परत मिळत नाही.

परीक्षाच रद्द झाली तर फी परत मागण्याचा हक्क सर्वांत भक्कम असतो, पण तिथेही चिकाटी लागते. आपल्याकडचं ताजं उदाहरण प्रवेश परीक्षेचं नाही, भरतीचं आहे. मार्च २०१९ मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांनी १३,५२१ पदांची जाहिरात काढली. परीक्षा रखडत गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने ती भरतीच रद्द करून फी परत द्यायचं ठरवलं. उमेदवारांना maharddzp.com या पोर्टलवर जाऊन स्वतःची माहिती आणि बँक खातं भरायचं होतं. पैसे आपोआप आले नाहीत, मागावे लागले. चार वर्षांत कुणाचा मोबाइल नंबर बदलला, कुणाचा जुना ईमेल बंद पडला, आणि २०१९ ची पावती जपून ठेवणारे तर फारच थोडे.

म्हणून फॉर्म भरल्यावर कन्फर्मेशन पेज आणि पेमेंटची पावती घरच्या कुणाच्या तरी ईमेलवर पाठवून ठेवा. कॅफेच्या डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल संध्याकाळी डिलीट होते.

आपल्या सिडकोच्या मुलीला अखेर काय मिळतं? नीटचे १,७०० आणि पीसीबीचे १,००० गेले. पीसीबीच्या दिवशी घरी राहिली तरी पीसीएमच्या निकालावर काही परिणाम नाही, कारण दोन्ही गटांचे निकाल वेगळे लागतात. जेईईच्या पहिल्या सत्रात पर्सेंटाइल मनासारखं आलं, तर दुसऱ्या सत्राचा फॉर्म न भरता ती ८०० रुपये वाचवू शकते. आणि नीटच्या क्लासकडे उरलेल्या महिन्यांची फी लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन मागू शकते. या सगळ्यात मोठी रक्कम बहुधा तीच असेल.